दोनशे तीस रुपयांची वेतनवाढ

एका अधिकाऱ्याचे मूळ वेतन १ जुलै २०१२ रोजी ४०,२७० रुपये आहे असे धरू. तो केंद्र सरकारच्या एका सार्वजनिक उपक्रमात ई-१ श्रेणीत आहे. २००७ च्या वेतनसुधारणेत ही श्रेणी १६,४०० ते ४०,५०० अशी ठरली. वार्षिक वेतनवाढ मूळ वेतनाच्या तीन टक्के, आणि येणारी रक्कम पुढच्या दहाच्या पटीत न्यायची. म्हणजे १ जुलै २०१३ रोजी त्याला १,२१० रुपये मिळायला हवेत. पण ४०,२७० आणि १,२१० मिळून ४१,४८० होतात आणि श्रेणी ४०,५०० ला संपते. म्हणून आस्थापना शाखा त्याला ४०,५०० वर आणून थांबवते. त्या वर्षीची त्याची वाढ भरते २३० रुपये. पगारपत्रकावर ती नेहमीच्याच रकान्यात छापलेली असते, त्यामुळे पुष्कळांना तो हिशेबातला घोटाळा वाटतो. घोटाळा नसतो. श्रेणीचा शेवट आलेला असतो आणि त्या दिवसापासून त्याचे दुसरेच घड्याळ सुरू होते.

कोकण किनाऱ्यावर हा विषय वाटतो तितका परका नाही. थळचा खत कारखाना, उसरचा वायू प्रकल्प, उरणचा तेल-वायू प्रकल्प, गावोगावची दूरध्वनी केंद्रे, सगळीकडे केंद्रीय उपक्रमांचे नोकरदार आहेत. त्यांच्या बोलण्यात ‘टॉपला पोचला’ आणि ‘स्टॅग्नेशन लागलं’ हे शब्द सहज येतात. कागदोपत्री त्याला कुंठित वेतनवाढ म्हणतात. वरचे आणि पुढचे उदाहरण मात्र यांपैकी कुठल्याच एका उपक्रमाचे नाही. नियम सर्वांना सारखा आहे आणि मला बोलायचे आहे ते त्या नियमातल्या एका आकड्याबद्दल.

नियम थोडक्यात असा. उपक्रमांतील अधिकारी आणि संघटनेच्या कराराबाहेरचे पर्यवेक्षक यांची श्रेणी संपली की दर दोन वर्षांनी एक कुंठित वेतनवाढ, अशा जास्तीत जास्त तीन, आणि कामाचे मूल्यमापन ‘चांगले’ किंवा त्याहून वरचे असले तरच. सार्वजनिक उपक्रम विभागाच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या आदेशात हे आहे आणि ३ ऑगस्ट २०१७ च्या आदेशातही तसेच कायम आहे. कामगारांचे वेतन वेगळ्या कराराने ठरते, त्यांचा हिशेब इथे घेत नाही.

सरकारी कचेऱ्यांत हा शब्द आता विरळ झाला आहे. चौथ्या आणि पाचव्या वेतन आयोगाच्या काळात केंद्राच्या कर्मचाऱ्यांनाही दर दोन वर्षांनी एक, जास्तीत जास्त तीन, असाच नियम होता. सहाव्या आयोगाने श्रेणी मोडून लांबलचक वेतनपट्टे आणले आणि सातव्याने तक्ता आणला. त्या तक्त्यातला पहिला स्तर १८,००० ला सुरू होऊन ५६,९०० ला संपतो आणि त्याला चाळीस पायऱ्या आहेत. तळाशी लागलेला माणूस निवृत्त होईपर्यंत चाळिसावी पायरी क्वचितच गाठतो. उपक्रमांतही २०१७ नंतर श्रेण्या लांबल्या. ई-१ आता ४०,००० ते १,४०,००० आहे आणि तळापासून टोकापर्यंत जायला चाळिसाहून अधिक वेतनवाढी लागतात. म्हणून काही जण म्हणतात, कुंठितता संपली, आता कशाला चर्चा. पण हे खरे आहे ते ज्यांना २०१७ ची श्रेणी मिळाली त्यांच्यापुरते.

आधी घड्याळाकडे पाहू, कारण सर्वांत जास्त चुका तिथे होतात. आपला अधिकारी १ जुलै २०१३ ला ४०,५०० वर पोचला. दोन वर्षे तिथून मोजायची, म्हणजे पहिली कुंठित वाढ १ जुलै २०१५ ला. काही ठिकाणी मोजणी १ जुलै २०१४ पासून सुरू करतात. ‘त्या तारखेला वाढ मिळाली नाही, म्हणजे कुंठितता तेव्हा सुरू झाली’ असा तर्क. ऐकायला बरा वाटतो, पण नियमाचे शब्द श्रेणीच्या शेवटाला पोचण्याबद्दल आहेत, वाढ न मिळण्याबद्दल नाहीत. या एका चुकीने माणूस एक वर्ष मागे पडतो, आणि एकदा मागे पडला की पुढच्या दोन्ही वाढीही वर्षभर मागे सरकतात. दुसरी गफलत त्या २३० रुपयांची. तोकडी वाढ मिळालेल्या वर्षाला ‘वेतनवाढ मिळाली’ असे धरून तिथून आणखी एक वर्ष सोडायचे आणि मग दोन वर्षे मोजायची, असा हिशेबही होतो. ओळखायचे कसे? सेवापुस्तकात ‘कमाल टप्प्यावर पोचल्याचा दिनांक’ अशी स्वतंत्र नोंद आहे का ते पाहावे. ती नसेल तर आस्थापना शाखेतला नवा माणूस आधीच्या वेतनवाढींच्या ओळी पाहून अंदाज बांधतो, आणि २३० ची ओळ त्याला नेहमीच्या वाढीसारखीच दिसते.

आता अटीकडे. मूल्यमापनाच्या पाच पायऱ्या असतात, उत्कृष्ट, खूप चांगले, चांगले, बरे आणि निकृष्ट. ‘चांगले’ ही मधली पायरी. दोन वर्षे काम करून मधल्या पायरीवर असलेल्याला वाढ द्यावी, ही अट मला अवाजवी वाटत नाही. मात्र दोन वर्षांत मूल्यमापने दोन होतात आणि नियम फक्त ‘चांगले’ म्हणून थांबतो. दोन्ही वर्षी हवे की शेवटच्या वर्षी पुरे? एका वर्षी ‘बरे’ आले तर वाढ एका वर्षाने पुढे जाते की दोन्ही वर्षे पुसून मोजणी नव्याने सुरू होते? जे वर्ष कमी पडले तेवढेच वजा करावे, हा न्याय सरळ आहे आणि उपक्रमाच्या संचालक मंडळाने तो एका ओळीच्या परिपत्रकात लिहून टाकावा. नाहीतर एकाच इमारतीतल्या दोन विभागांत दोन रीती पडतात.

या अटीचा जुना इतिहासही थोडा कडवट आहे. २००८ च्या आदेशात मूल्यमापनाची ठरावीक विभागणी होती. वरच्या पायरीवर दहा ते पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त जण नकोत आणि दहा टक्के जण अपेक्षेपेक्षा कमी दाखवलेच पाहिजेत. वीस जणांच्या विभागात दोन जणांना खाली टाकणे साहेबाला भागच होते. अशा वेळी नजर कोणाकडे वळते? ज्याला बढतीच्या रांगेत उभे राहायचे नाही, ज्याची श्रेणी संपली आहे, ज्याच्या नुकसानीची फारशी चर्चा होणार नाही त्याच्याकडे. पण वाढ मूल्यमापनाशी बांधलेली होती ती त्याचीच. २०१७ च्या आदेशाने दहा टक्क्यांची सक्ती काढली, ‘उत्कृष्ट’वरची पंधरा टक्क्यांची मर्यादा तेवढी ठेवली. सक्ती गेली हे बरेच झाले. तरी त्या नऊ-दहा वर्षांत जी वाढ बुडाली ती बुडालीच.

आता मुख्य मुद्दा, तीन या आकड्याचा.

संघटनांच्या सभांत बहुधा मागणी येते ती अशी की तीनची मर्यादा काढा आणि वाढ दरवर्षी द्या. मागणीचा दुसरा अर्धा भाग मला पटत नाही, त्याकडे नंतर येतो. पहिला अर्धा भागही सरसकट पटत नाही, कारण तीन हा आकडा अगदीच हवेतला नाही. उपक्रमांतील वेतनसुधारणा दहा वर्षांनी ठरते, १९९७, २००७, २०१७. एखादा माणूस नव्या श्रेणीत आल्यावर पहिल्याच वर्षी टोकाला पोचला, म्हणजे १ जुलै २००७ ला, तर त्याला २००९, २०११ आणि २०१३ मध्ये तीन वाढी मिळतात. चौथी २०१५ ला मिळाली असती, ती मर्यादेमुळे हुकते. पाचवीच्या तारखेआधीच १ जानेवारी २०१७ ला नवी श्रेणी येते आणि तिथे वर जायला भरपूर वाव असतो. म्हणजे अगदी लवकर टोकाला पोचलेल्याचीही दहा वर्षांत एकच वाढ बुडते. २०१० नंतर पोचलेल्याला तर मर्यादा आडवीच येत नाही. तीन वाढी आणि दहा वर्षे यांचे गणित बऱ्यापैकी जुळते. ज्याने कोणी हा आकडा घातला त्याने सुधारणा दहा वर्षांनी येणार असे गृहीत धरले होते, आणि गृहीतक खरे असेपर्यंत आकडा ठीक चालतो.

ते गृहीतकच सगळीकडे खरे ठरलेले नाही. २०१७ ची सुधारणा उपक्रमाच्या ऐपतीवर बांधली होती. आधीच्या तीन आर्थिक वर्षांच्या करपूर्व नफ्याची सरासरी काढायची आणि सुधारणेचा बोजा तिच्या किती टक्के होतो ते पाहायचे. वीस टक्क्यांच्या आत असेल तर १५ टक्के फिटमेंट, म्हणजे मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेवरची वाढ, वीस ते तीसमध्ये १० टक्के, तीस ते चाळीसमध्ये ५ टक्के. त्यापलीकडे गेला की फिटमेंट नाही. नफाच नसलेल्या उपक्रमाचे काय होणार ते उघड आहे. भारत संचार निगमात ही सुधारणा वर्षानुवर्षे रखडली, हे तर राजापूर-देवगडच्या दूरध्वनी केंद्रांतल्या कोणालाही सांगावे लागत नाही. अशा ठिकाणी माणूस २००७ च्या श्रेणीतच राहतो. सुधारणा थांबते, पण तीनची मर्यादा तशीच लागू राहते.

दोन अधिकारी घेऊ, दोघेही ई-१, दोघेही १ जुलै २०१३ ला ४०,५०० वर पोचलेले. दोघांनाही १ जुलै २०१५ ला पहिली कुंठित वाढ मिळाली. ४०,५०० चे तीन टक्के १,२१५, ते १,२२० झाले, वेतन ४१,७२०. इथपर्यंत दोघे जोडीने चालले आहेत.

पहिल्याच्या उपक्रमाला १५ टक्के फिटमेंट लागू झाले. १ जानेवारी २०१७ ला महागाई भत्ता ११९.५ टक्के होता. ४१,७२० मध्ये तो मिळवला की ९१,५७५ रुपये, त्यावर १५ टक्के, आणि दहाच्या पटीत नेल्यावर १,०५,३२० रुपये. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. या हिशेबात मूळ वेतनाबरोबर कुंठित वाढही धरायची आणि वैयक्तिक वेतन मात्र धरायचे नाही, असे आदेशात स्पष्ट आहे. पगारपत्रकात कुंठित वाढ चुकून वैयक्तिक वेतनाच्या रकान्यात गेली असेल, तर ती फिटमेंटच्या वेळी गळते. १,२२० रुपये गळले तर नवे वेतन १,०२,२४० होते, म्हणजे नव्या वेतनात ३,०८० रुपयांचा खड्डा, आणि त्यापुढची प्रत्येक वेतनवाढ त्या कमी रकमेवर. रकाना चुकल्याची एवढी किंमत पडते. नीट नोंद झालेल्या आपल्या माणसाला २०१७ पासून पुन्हा दरवर्षी तीन टक्के सुरू होतात. १ जुलै २०२५ ला तो १,३७,४७० वर असतो.

दुसऱ्याच्या उपक्रमात सुधारणा झाली नाही. त्याला १ जुलै २०१७ ला दुसरी वाढ, वेतन ४२,९८०. १ जुलै २०१९ ला तिसरी, वेतन ४४,२७०. मग काही नाही. तो २०२८ मध्ये निवृत्त होणार असेल तर शेवटची नऊ वर्षे मूळ वेतन ४४,२७० वर ठप्प. त्याचा महागाई भत्ता जुन्या पायावर चालतो, त्यामुळे दोघांची तुलना करायला त्याच्या वेतनात तोच ११९.५ टक्के भत्ता मिळवावा लागतो, म्हणजे ते २.१९५ ने गुणावे लागते. ते ९७,१७० च्या आसपास भरते. पहिल्याचे २०२५ मध्ये १,३७,४७०, दुसऱ्याचे त्याच मापात ९७,१७०. शिक्षण सारखे, श्रेणी सारखी, २०१३ ची तारीखही एकच.

या चाळीस हजारांच्या फरकातला सगळाच भाग मी मागत नाही. फिटमेंटचे पंधरा टक्के उपक्रमाच्या ऐपतीचा प्रश्न आहे आणि तोट्यातल्या उपक्रमाने ते द्यावेत असे म्हणणे अवघड आहे. लांब श्रेणी हाही त्याच सुधारणेचा भाग. माझा प्रश्न एवढाच आहे की तिसरीनंतरची चौथी, पाचवी, सहावी कुंठित वाढ का थांबावी? ती चालू राहिली असती तर दुसरा अधिकारी २०२१ ला ४५,६००, २०२३ ला ४६,९७० आणि २०२५ ला ४८,३८० वर असता. फरक ४,११० रुपयांचा. महागाई भत्ता जुन्या पायावर मूळ वेतनाच्या दुपटीहून वर गेला आहे. नुसता दुप्पट धरला तरी महिना १२,३३० रुपये होतात.

यावर पहिला आक्षेप ऐपतीचा येतो. तोट्यातल्या उपक्रमाने वाढ कशी द्यायची? पण त्याच उपक्रमात, त्याच खोलीत, शेजारच्या टेबलावर बसलेला तरुण अधिकारी श्रेणीच्या मध्यावर आहे आणि त्याला दरवर्षी तीन टक्के मिळतात. २०१७ नंतर एकही वर्ष ते थांबलेले नाहीत. ऐपतीची कसोटी वेतनसुधारणेला लावली आहे, वार्षिक वेतनवाढीला नाही. मग ती मागच्या दाराने फक्त टोकाला पोचलेल्यांनाच का लावायची? त्याला मिळणार ते दोन वर्षांतून एकदा, म्हणजे शेजाऱ्याच्या निम्म्या गतीने. उपक्रमाला खरोखर परवडत नसेल तर सर्वांच्या वेतनवाढी थांबवण्याचा निर्णय उघडपणे घ्यावा लागेल. कोणताही उपक्रम तो घेत नाही, आणि घेऊही नये.

दुसरा आक्षेप महागाई भत्त्याचा. भत्ता वाढतोच, तेव्हा खरेदीची ताकद कमी होत नाही, मग वाढ कशाला? हे अर्धे बरोबर आहे. उपक्रमांतला महागाई भत्ता निर्देशांकाशी पूर्ण बांधलेला असतो, दर तीन महिन्यांनी बदलतो, त्यामुळे ४४,२७० वर थांबलेला माणूस गरीब होत जात नाही. तो होता तिथे राहतो. पण वेतनवाढ ही महागाईची भरपाई कधीच नव्हती. ती अनुभवाबद्दल आणि केलेल्या कामाबद्दल आहे, म्हणून तर तिला मूल्यमापनाची अट घातली. अट ठेवायची आणि कारण नाकारायचे हे जुळत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. श्रेणी संपली म्हणजे त्या पदाच्या कामाची किंमत संपली, ज्याला पुढे जायचे आहे त्याने बढती घ्यावी. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना याचा अर्थ नीट कळतो. इथल्या प्रकल्पात वरच्या जागा मोजक्या, त्यामुळे बढतीबरोबर बदलीचा कागद येतो, कधी गुजरातचा, कधी आसामचा. घरी नारळी-सुपारीची वाडी, पावसाळ्यात भाताची लावणी, आईवडील थकलेले. माणूस बढती नाकारतो किंवा मुलाखतीलाच जात नाही. त्याने आपल्या सोयीसाठी निवड केली, मग त्याला वाढ कशाला? माझे उत्तर असे की त्याने दिलेली किंमत दोन वर्षांच्या अंतरात आहेच. बढती घेणाऱ्याला लगेच एक वाढ आणि पुढे दरवर्षी तीन टक्के, घरी राहणाऱ्याला सरासरी वर्षाला दीड टक्का. दहा वर्षांत हा फरक चांगलाच पडतो. म्हणूनच ‘दरवर्षी द्या’ ही मागणी मला पटत नाही. ती मान्य झाली तर श्रेणीला शेवट उरत नाही, बदलीवर गेलेल्याच्या हाती घरभाड्याचा ताण तेवढा राहतो, आणि कोकणातल्या वरच्या जागा बाहेरून आलेल्यांनीच भरल्या जातील. अर्धी गती न्याय्य आहे. शून्य गती मात्र बढती नाकारल्याची शिक्षा ठरते, आणि ती शिक्षा ज्याला बढतीची संधीच आली नाही त्यालाही होते.

म्हणून सुचवायचा बदल लहान आहे. तीनची मर्यादा राहू द्या, पण ती वेतनसुधारणेच्या ठरलेल्या तारखेपर्यंतच. ती तारीख आली आणि उपक्रमात सुधारणा लागू झाली नाही, तर त्या दिवसापासून मर्यादा स्थगित. दोन वर्षांचे अंतर तेच, ‘चांगले’ची अट तीच. सुधारणा लागू झाली की माणूस नव्या श्रेणीत जातो आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. यात नवा खर्च फक्त अशा लोकांवर येतो जे टोकाला आहेत, तिन्ही वाढी घेऊन झालेले आहेत आणि ज्यांचा उपक्रम मागे राहिला आहे. त्यांची संख्या आस्थापना शाखेला एका दुपारी काढता येईल, कारण तिसऱ्या वाढीची तारीख प्रत्येकाच्या सेवापुस्तकात आहे. पुढची सुधारणा १ जानेवारी २०२७ ची. जे उपक्रम २०१७ चुकले ते २०२७ ही चुकण्याची शक्यता असल्याने हा प्रश्न आताच सोडवलेला बरा.

राहिली निवृत्तीची तारीख. आपल्या उदाहरणातल्या दोघांबरोबर १ जुलै २०१३ लाच टोकाला पोचलेला तिसरा एक जण होता असे समजा, जन्म जून १९५५ चा. साठाव्या वर्षी, ३० जून २०१५ ला तो निवृत्त होतो. त्या संध्याकाळी त्याची दोन वर्षे पूर्ण भरतात. पहिली कुंठित वाढ देय होते दुसऱ्या दिवशी सकाळी, जेव्हा तो नोकरीत नसतो. वार्षिक वेतनवाढीबद्दल हाच पेच सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. कर्नाटकच्या वीज पारेषण महामंडळाच्या प्रकरणात ११ एप्रिल २०२३ ला निकाल लागला की वर्षभराच्या चांगल्या सेवेने वाढ कमावलेली असते, ती देय होण्याच्या आदल्या दिवशी निवृत्त झाला म्हणून नाकारता येत नाही. तो निकाल कुंठित वाढीवर बोलत नाही. पण त्यातला तर्क इथे जास्तच घट्ट बसतो, कारण कुंठित वाढीला तर चांगल्या कामाची अट नियमातच लिहिली आहे. दोन वर्षांची सेवा झाली, मूल्यमापन आले, कमावण्यासारखे काही उरले नाही.

पैशांत पाहिले तर रक्कम मोठी नाही. उपदानात फरक पडत नाही, कारण २०१५ मध्ये त्याला दहा लाखांची मर्यादा होती आणि तीस वर्षे सेवा झालेला हा माणूस १,२२० न धरताही ती ओलांडतो. फरक पडतो शिल्लक रजेच्या रोखीकरणात. तीनशे दिवस म्हणजे दहा महिने, १,२२० रुपयांचे १२,२००, आणि महागाई भत्ता मूळ वेतनाइतकाच धरला तर २४,४००. एवढ्यासाठी कोणी न्यायालयात जाणार नाही. वकिलाच्या फीतच ते जातील. त्यामुळे हे उपक्रमांनीच आपल्या नियमात लिहून द्यावे लागेल. तोपर्यंत जूनमध्ये निवृत्त होणाऱ्याने निदान एक करावे. सेवापुस्तकाची शेवटची तपासणी होते तेव्हा कमाल टप्प्याचा दिनांक आणि दोन वर्षे पूर्ण झाल्याचा दिनांक, दोन्ही तिथे सहीनिशी लिहून घ्यावेत. पुढे कधी नियम बदलला तर ती नोंदच उपयोगी पडेल, कारण तोवर त्या २३० रुपयांच्या ओळीचा अर्थ सांगणारा कोणी कचेरीत राहिलेला नसतो.